जुनी मोटर, नवी मोटर आणि मधले युनिट

मित्रहो, आज एकाच मोटरचा हिशेब पूर्ण करू. पंधरा किलोवॅट, चार पोल, पन्नास हर्ट्झ. बेल्टवर एक सेंट्रिफ्युगल ब्लोअर चालवते, वर्षाला साधारण ८,००० तास. जळाली म्हणून दोनदा भरून आणलेली आहे. ही काढून आयई३ या वरच्या कार्यक्षमता-वर्गातली मोटर बसवली, तर वर्षाला किती युनिट वाचतील, एवढाच प्रश्न आहे.

बहुतेक ठिकाणी हा हिशेब नेमप्लेटवरून होतो आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. पंधरा किलोवॅट ही मोटरची ताकद आहे, ती ओढते किती हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मोटरच्या तोंडाशी पॉवर मोजावी लागते. साधा क्लॅम्प मीटर अँपिअर दाखवतो आणि त्या अँपिअरमध्ये मॅग्नेटायझिंग करंटही मिसळलेला असतो. त्यामुळे ‘मोटर बदलली तरी अँपिअर तेवढेच दिसतात’ ही तक्रार आली, तर मी आधी किलोवॅट विचारतो. आपल्या मोटरवर पॉवर ॲनालायझर लावला, डॅम्पर नेहमीच्या जागी ठेवला आणि १२.९ किलोवॅट मिळाले. करंट २२ अँपिअर. टॅकोमीटरवर वेग मिनिटाला १४६२ फेरे.

आता यातले शाफ्टवर किती पोहोचतात? नवी असताना त्या मोटरची कार्यक्षमता काय होती याला आता अर्थ नाही. मोटर भरताना जुनी वाइंडिंग काढायची म्हणून स्टेटर भाजतात. भट्टीत तापमान काबूत ठेवलं, वायरचा गेज आणि फेरे मूळचेच ठेवले, तर कार्यक्षमता जवळजवळ तशीच राहते. रिवाइंड म्हणजे वाईटच, असं मुळीच नाही. पण गॅस टॉर्चने भाजलं, कोर लाल होईस्तोवर तापवला, तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं. पत्रे एकमेकांत शॉर्ट होतात आणि कोरमध्येच करंट फिरू लागतो. हा लोखंडातला तोटा लोड कमी झाला तरी जवळपास तेवढाच राहतो. सतत चालणाऱ्या मोटरला तो वर्षभर लागतो.

तो पकडायची रीत अवघड नाही. बेल्ट उतरवा आणि मोटर रेटेड व्होल्टेजवर मोकळी चालवा. बेअरिंग स्थिरावेपर्यंत थांबा, मग पॉवर बघा. आपल्याकडे ९०० वॅट आले, करंट १२ अँपिअर. मोटर गरम असतानाच बंद करून दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स घेतला, ०.६ ओहम. करंटचा वर्ग गुणिले हा रेझिस्टन्स गुणिले दीड, म्हणजे तांब्यातला तोटा. जोडणी स्टार असो वा डेल्टा, हाच दीड चालतो. इथे तो १३० वॅट. उरले ७७० वॅट. हे कोर, बेअरिंग आणि मागचा पंखा यांचे. तशीच दुसरी, कधीही न भरलेली मोटर हाताशी असेल, तर तिचीही हीच चाचणी घ्या. दोन आकड्यांत मोठं अंतर दिसलं, तर कोर भाजला आहे असं समजायला हरकत नाही.

लोडवर २२ अँपिअरला तांब्यातला तोटा ४३६ वॅट होतो. चार पोलच्या मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे फिरतं आणि रोटर जेवढा मागे पडतो ती स्लिप: १५०० वजा १४६२, म्हणजे अडीच टक्के. त्यावरून रोटरचा तोटा सुमारे २९५. बारीकसारीक भटके तोटे १८० धरा. हा आकडा अंदाजाचा, बाकीचे मोजलेले. सगळे मिळून १,६८० वॅट. १२.९ मधून ते गेले की शाफ्टवर ११.२२ किलोवॅट उरतात. कार्यक्षमता ८७ टक्के.

या मापाच्या आयई३ मोटरची नाममात्र कार्यक्षमता ९२.१ टक्के असते. ११.२२ भागिले ०.९२१ म्हणजे १२.१८. फरक ०.७२ किलोवॅट. गुणिले ८,००० तास, म्हणजे वर्षाला सुमारे ५,७०० युनिट. जुनी मोटर एकूण १,०३,२०० युनिट ओढते, त्यातले हे ५,७००. विक्रेत्याच्या कागदावर हाच आकडा असतो आणि गणित म्हणून तो बरोबरही आहे. फक्त ‘नाममात्र’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. मानकात सूट आहे, ९२.१ ची मोटर प्रत्यक्षात ९०.९ भरली तरी ती नियमात बसते. तेवढ्यानेच वर्षाला सुमारे १,३०० युनिट कमी होतात, म्हणून त्याच मोटरचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्यावा.

पण खरी गळती पुढे आहे. नवी मोटर बसवली, बेल्ट चढवला, डॅम्पर तिथेच, आणि ॲनालायझरवर आकडा आला १२.६४. अपेक्षा होती १२.१८ ची. मोटर खोटी आहे का? नाही. टॅकोमीटर लावा, वेग १४८० आहे.

चांगल्या मोटरचा रोटर कमी रेझिस्टन्सचा असतो, म्हणून स्लिप कमी आणि वेग थोडा जास्त. अठरा फेरे म्हणजे सव्वा टक्का. पण ब्लोअरला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. सव्वा टक्क्याचे पावणेचार टक्के होतात आणि शाफ्टवरचे ११.२२ वाढून ११.६४ होतात. मोटर आपलं काम चोख करते आहे, ब्लोअरच जास्त हवा ढकलतो आहे आणि ती हवा कुणी मागितलेली नाही. बचत उरली ०.२६ किलोवॅट, वर्षाला जेमतेम २,१०० युनिट. कागदावरच्या ५,७०० पैकी दोन तृतीयांश हवेत गेले, अगदी शब्दशः.

उपाय पुलीत आहे. मोटरची पुली २०० मिलिमीटर पिच व्यासाची असेल, तर ती सुमारे १९७.५ ला आणायची. लेथवर खाचा खोल करून हे होतं, पण खाचेचा कोन आणि वरची रुंदी जुन्यासारखीच राहिली पाहिजे, नाहीतर बेल्ट तळाला टेकून घसरतो आणि बचत तिथे जाते. मग मोटरचा नको, ब्लोअरच्या शाफ्टचा वेग मोजा. तो पूर्वीइतका आला की मीटर १२.२ च्या आसपास उतरतो.

सरळ कपलिंगच्या पंपाला पुली नसते. तिथे काही जण लगेच मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवायचं म्हणतात. सव्वा टक्का वेग उतरवण्यासाठी ड्राइव्ह म्हणजे तोट्याचा सौदा आहे: ड्राइव्ह स्वतः दोन-तीन टक्के खातो, इथे तीनशे वॅटच्या घरात. त्यापेक्षा इंपेलर थोडा कातून घ्यावा, तोही पंपाचा कर्व्ह बघून. आणि पंप टाकी भरून लेव्हलवर बंद होत असेल, तर घाबरायचं कारण कमी. तो जास्त पाणी देतो तसा लवकर थांबतोही. अशा ठिकाणी किलोवॅटची तुलना करू नका. टाकीत गेलेल्या एका घनमीटर पाण्यामागे किती युनिट पडले, ते जुन्या मोटरवर आणि नव्या मोटरवर मोजा. त्यासाठी जुनी मोटर काढण्याआधीच फ्लो मीटरच्या नोंदी घेऊन ठेवाव्या लागतात.