जसंच्या तसं परत आलं, तर घाबरा

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा उलट अनुवाद : पद्धत आणि पायऱ्या' असं छापलंय. पायऱ्यांवर येतोच. त्याआधी एका गार्डची गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय माझं पुढे सरकत नाही, हे घरचे जाणतात.

द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे चालणारा, औषध फवारणारा ब्लोअर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नसेल पाहिला तर ऑक्टोबर छाटणीनंतर निफाडच्या बाजूला पहाटे एक चक्कर मारा, डाऊनी रोगाच्या धास्तीनं अख्खा तालुका फवारत असतो. तर अशा एका परदेशी ब्लोअरची पुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत केली. कंपनीचं नाव सांगत नाही, तिनं माझं बिल अखेर दिलं होतं. त्या पुस्तिकेत फिरत्या भागावरच्या संरक्षक झाकणाबद्दल, म्हणजे गार्डबद्दल, एक साधं वाक्य होतं : 'रिप्लेस द गार्ड बिफोर स्टार्टिंग द मशीन'. मी लिहिलं, 'मशीन सुरू करण्यापूर्वी गार्ड बदला'.

हसलात ना? तेव्हा कोणी हसलं नव्हतं. कंपनीनं रीतसर उलट अनुवाद करून घेतला. म्हणजे माझी मराठी दुसऱ्या माणसाला दिली, मूळ इंग्रजी त्याला दाखवलं नाही, आणि सांगितलं की याचं इंग्रजी करून दे. मग मूळ आणि परत आलेलं शेजारी ठेवून पाहिलं. या वाक्यापुढे त्यानं काय लिहिलं असेल? 'रिप्लेस द गार्ड बिफोर स्टार्टिंग द मशीन'. अक्षराचाही फरक नाही. साहेबांनी त्यावर हिरवी खूण केली, आणि मी त्या हिरव्या खुणेवर खूश होतो.

हंगामात एका बागायतदाराचा फोन आला. 'साहेब, दर वेळी नवं गार्ड आणायचं म्हणजे तुमची कंपनी गार्डच विकते का?' मी म्हटलं, जुनं कुठंय? म्हणे, काढून शेडमध्ये ठेवलंय, नवं मिळालं की बसवतो. तोवर ट्रॅक्टरच्या जोरावर ब्लोअर चालवणारा पीटीओचा शाफ्ट उघडाच फिरत होता. मिनिटाला 540 फेरे. धोतराचा सोगा किंवा गमछाचं टोक त्यात सापडलं तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. सुदैवानं काही झालं नाही. त्यांना फोनवरच ब्लोअर थांबवायला लावला आणि ते जुनंच गार्ड परत बसवून घेतलं.

इंग्रजीतल्या रिप्लेसला दोन अर्थ आहेत : काढलेली वस्तू परत जागेवर बसवणं आणि जुनी टाकून नवी घालणं. मूळ लेखकाला पहिला हवा होता. मी दुसरा धरला आणि 'बदला' लिहिलं. उलट अनुवादकानं 'बदला'चं इंग्रजी केलं, ते पुन्हा रिप्लेसच झालं. अर्थ वाटेत बदलला, पण शब्द मात्र घरी परतला. त्याऐवजी मी 'गार्ड परत जागेवर बसवा' असं चांगलं मराठी लिहिलं असतं, तर परत येताना 'पुट द गार्ड बॅक इन प्लेस' आलं असतं, आणि साहेबांनी त्यावर लाल खूण केली असती! बरोबर मराठीला लाल, चुकीच्या मराठीला हिरवी. हा माझा वीस वर्षांचा सल आहे, आज नाशिककरांपुढे मोकळा होतोय.

यावर उपाय काय, तर मूळ इंग्रजीत दोन अर्थांचे शब्द आधीच शोधायचे आणि त्या जागी लेखकाला कुठला अर्थ हवा होता हे अनुवादाआधी लिहून ठेवायचं. परत आलेलं वाक्य मूळ शब्दांशी ताडून पाहायचंच नाही, त्या नोंदीशी ताडून पाहायचं. 1970 साली रिचर्ड ब्रिसलिन या मानसशास्त्रज्ञानं उलट अनुवादावर लिहिलेला लेख लोक आजही आधाराला घेतात. तो प्रश्नावल्यांसाठी होता, ब्लोअरसाठी नव्हे. पण दोन्ही अनुवादकांची ठरावीक शब्दजोडी एकच असेल तर जुळणी फसवी ठरते, हे त्यानंच लिहून ठेवलंय. लोक त्या लेखातली पद्धत उचलतात, इशारा तिथेच सोडून येतात.

'सोडून'वरून आठवलं. आपल्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडलं म्हणजे काय होतं? गोदावरीला पाणी येतं, रामकुंडावरची माणसं सामान उचलतात. सोडणं म्हणजे आपल्याला आत येऊ देणंही कळतं. त्याच पुस्तिकेत होतं की फिल्टर उघडण्यापूर्वी लाईनमधलं प्रेशर काढून टाका. मी लिहिलं, 'फिल्टर उघडण्यापूर्वी लाईनला प्रेशर सोडा'. पहिला उलट अनुवादक इंग्रजीचा एम.ए. त्याला काय म्हणायचं असणार हे कळलं, त्यानं समजूतदारपणे नीट इंग्रजी लिहून दिलं. गार्डच्या धड्यानंतर मी तोच मजकूर सातपूरला पंप दुरुस्त करणाऱ्या एका फोरमनला दिला. इंग्रजी त्याचं मोडकंतोडकं, पण त्यानं लिहिलं : 'फिल्टर उघडायच्या आधी लाईनमध्ये प्रेशर द्या', आणि शेजारी पेन्सिलनं, 'साहेब, हे करून बघू नका, औषध तोंडावर येईल'.

आता तिथे असं छापलेलं आहे : 'पंप बंद करा. लाईनमधलं प्रेशर पूर्ण उतरू द्या. मीटरचा काटा शून्यावर आल्यावरच फिल्टर खोला'. 'उतरू द्या' कुकरवरून घेतलं. ज्याच्या घरात कुकर आहे त्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे पायऱ्या धावतच.

उलट अनुवाद करणारा वेगळा हवा आणि त्यानं मूळ पाहिलेलं नसावं. त्याला एकच सूचना द्या : सुधारू नकोस, मराठीत जे लिहिलंय तेच लिही, खटकलं तर खटकल्याचं लिही. समजूतदार माणूस या कामाला सर्वांत वाईट. पूर्ण पुस्तिका परवडत नसेल तर इशारे, आकडे आणि क्रम सांगणारी वाक्यं तेवढी पाठवा. ताडून पाहायला तिसरा माणूस बसवा, मशीन ओळखणारा. फरक दिसला की त्यानं आधी ठरवायचं, मराठी चुकलंय, उलट अनुवादक चुकलाय की मूळच धूसर आहे. मराठी दुरुस्त केलं, तर तेवढं वाक्य नव्या माणसाकडून पुन्हा उलटं करून घ्यायचं. जुन्या माणसाला उत्तर आता माहीत असतं.

'करावे' तपासा. इंग्रजीतलं मस्ट आणि शुड दोन्ही 'करावे' होतात आणि परत येताना सगळी शुड होऊन येतात. सक्तीचं असेल तिथे 'केलंच पाहिजे' लिहा.

आणि काही गोष्टी या पद्धतीत सापडणारच नाहीत. 'कमाल 40 बार' छापलं, उलट अनुवादकानं बरोबर मॅक्सिमम लिहिलं. बागेत एकानं वाचून मला विचारलं, 'कमाल म्हणजे कमीत कमी ना?' तिथे आता '40 बारच्या वर नेऊ नका' आहे. तसंच 'उजवीकडचा व्हॉल्व्ह'. उजवीकडचा उजवीकडचाच होऊन परत येतो, पण ट्रॅक्टरवर बसून उजवा की ब्लोअरकडे तोंड करून उजवा? त्यासाठी छापील पान घेऊन मशीनपाशी जावं लागतं, ते कधी न चालवलेल्या माणसाच्या हातात द्यावं लागतं, आणि त्याचा हात कुठल्या व्हॉल्व्हकडे जातो ते तोंड मिटून बघत उभं राहावं लागतं. आमच्या वेळी तो डाव्याकडे गेला होता.