बँक तुमच्या घटस्फोटाला आलेली नसते

बसा बसा, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. तर आयोजकांनी विषय दिलाय जॉइंट होम लोन आणि टॅक्स. टॅक्सवर मी येणार आहे, नक्की येणार आहे, पण आधी एक किस्सा, कारण बावीस वर्षं मी कर्ज विभागात काढली आणि टॅक्समुळे रडलेलं जोडपं मला एकही भेटलं नाही. सहीमुळे रडलेली मात्र खूप.

एक गृहस्थ आले होते. हातात कोर्टाची डिक्री, तीही लॅमिनेट केलेली, म्हणजे किती जपली असेल बघा. परस्पर संमतीने घटस्फोट, तीन वर्षं झालेली, सगळं गोडीगुलाबीने. डिक्रीत स्वच्छ लिहिलेलं, की फ्लॅट बायकोचा आणि इथून पुढचे हप्ते तीच भरणार. यांनी हक्कसोडपत्र सुद्धा रजिस्टर करून दिलं होतं. आणि आता हे स्वतःसाठी नवीन घराचं कर्ज मागायला आलेले, तर क्रेडिट स्कोअर धाडकन खाली. का? तर जुन्या कर्जाचे चार हप्ते थकलेले. बाईंची नोकरी गेली होती, आणि त्यांनी हे यांना कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं म्हणा, बोलणंच बंद होतं.

मी विचारलं, नोटीस मिळाली नाही का? म्हणाले नाही मॅडम. मिळणार कशी, बँकेच्या रेकॉर्डला पत्ता त्याच फ्लॅटचा! पत्रं बरोबर त्याच दारात जात होती जिथून हे बाहेर पडले होते. (हसू नका, तुमच्यातल्या किती जणांनी बँकेत पत्ता बदललाय ते हात वर करून सांगा. ... बघा, दोनच.) एसएमएस कुठे जात होते विचारलं तर ज्या नंबरवर जायचे तो यांनी वेगळं होताना बंद केलेला. नवीन आयुष्य, नवीन सिम.

मग त्यांनी ती डिक्री टेबलावर ठेवली आणि म्हणाले, कोर्टाचा हुकूम आहे, तुम्ही कोर्टाच्या वर का? मी म्हटलं नाही हो, पण त्या केसमध्ये आम्ही होतो कुठे? वादी ती, प्रतिवादी तुम्ही, किंवा दोघे अर्जदार. बँकेला कोणी बोलावलंच नाही. आमच्याकडे जो कागद आहे त्यावर तुमच्या दोघांच्या सह्या आहेत. भारतीय करार कायद्याचं, 1872 च्या, कलम 43 सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर ते पूर्ण करून घ्यायला मी दोघांपैकी कुणालाही धरू शकते. अर्धं अर्धं नाही हां, पूर्ण. लोकांना वाटतं आपण निम्मे कर्जदार. निम्मे मालक असाल कदाचित, कर्जदार मात्र दोघेही अख्खे असता.

म्हणजे डिक्रीला काहीच अर्थ नाही का? आहे की. यांनी थकबाकी भरली तर तिच्याकडून वसूल करायचा हक्क डिक्रीने मिळतो. पण त्यासाठी परत कोर्टात दरखास्त करायची, आणि समोरचीची नोकरी गेलेली. तोवर नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, मग सरफेसी कायद्याखाली, म्हणजे ज्याने बँक कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ शकते त्या कायद्याखाली, साठ दिवसांची नोटीस. या माणसाचं घर गेलं होतं आधीच, स्वतः सही करून सोडलेलं, आणि कर्ज तेवढं अंगावर राहिलं. हा क्रम उलटा झाला हीच त्यांची चूक. आधी कर्जातून नाव काढायचं आणि मगच हक्कसोड. आणि घर बँकेकडे गहाण असताना बँकेच्या एनओसीशिवाय हक्कसोड करूच नका.

आता नाव काढायचं म्हणजे काय, अर्ज दिला आणि झालं असं नसतं. बँक उरलेल्या माणसाला नव्याने तपासते, जणू आजच कर्ज मागायला आलाय. एक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवते. साठ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण 52 हजार. सहा वर्षांनी वेगळे व्हायचं ठरलं. तोवर दोघांनी मिळून साडेसदतीस लाख भरलेत, आणि बाकी किती असेल? एक्कावन्न लाख! हो, मूळ रकमेतले नऊच लाख फिटलेत, बाकी सगळं व्याज. इथेच निम्मी भांडणं सुरू होतात, की मी इतके भरले आणि तू काय भरलंस.

घरात राहणाऱ्याचा हातात पगार समजा 80 हजार. बँका साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेतात, म्हणजे 40 हजार. मुदत परत वीस वर्षं केली तरी एक्कावन्न लाखांचा हप्ता 44 हजारांच्या वर जातो. 40 हजारात साधारण सेहेचाळीस लाख बसतात. पाच लाख कमी पडले. हे पाच लाख कुठून येणार हे संमतीपत्र लिहिताना ठरलं पाहिजे, नंतर नाही. दुसऱ्याने देणं लागत असेल तर ती रक्कम हातात न देता थेट कर्ज खात्यात भरायची, फ्लोटिंग रेटच्या घरकर्जाला आधी फेडल्याचा दंड नसतो. आणि पाच लाखही जमत नसतील तर सरळ विकून बँक फेडा आणि उरलेलं वाटा. घराशी मन गुंतलेलं असतं मान्य, पण गुंतलेलं मन हप्ता भरत नाही.

आणि हो, वाटा. अॅग्रीमेंटमध्ये टक्के लिहिलेत का? नसतील तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि ते सिद्ध नाही झालं तर निम्मं निम्मं धरलं जातं. म्हणून डाउन पेमेंट कोणाच्या खात्यातून गेलं ते स्टेटमेंट जपून ठेवा, लग्न कितीही छान चालू असो.

अरे, चिठ्ठी आली, पाच मिनिटं. टॅक्स! पटापट. सहकर्जदार असून भागत नाही, घराच्या कागदावर मालक म्हणूनही नाव हवं आणि हप्ता खरंच भरलेला हवा, तरच वजावट. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर, म्हणजे आपण ज्याला 24 ब म्हणतो, प्रत्येकाला दोन लाखांपर्यंत, आणि मुद्दलावर 80 सी मध्ये प्रत्येकाला दीड लाखापर्यंत, त्यात पीएफ विमा सगळं आलं. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याज पाच लाखांच्या आसपास, निम्मं अडीच, दोघे मिळून चार लाखांची वजावट घेतात. एकट्यावर कर्ज आलं की व्याज सगळं तोच भरतो आणि वजावट दोनच लाख. नव्या प्रणालीत राहत्या घराला यातलं काहीच नाही, आणि आता आपोआप लागते तीच, तेव्हा फक्त टॅक्ससाठी जॉइंट घेत असाल तर आधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते बघा.

दोन गोष्टी वेगळं होणाऱ्यांसाठी. ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत हिस्सा सोडला तर आधी घेतलेली 80 सी ची मुद्दलाची वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत जोडली जाते. व्याजाची नाही. आणि पैसे न घेता हिस्सा द्यायचा असेल तर डिक्रीच्या आधी द्या, कारण नवरा-बायको हे करात नातेवाईक धरले जातात आणि भेटीवर कर लागत नाही, डिक्रीनंतर ते नातं संपतं. म्हणजे बघा, बँकेतून नाव काढणं आधी, मग हिस्सा, मग डिक्री, हे सगळं एका रांगेत बसवायला सहा महिने सहज जातात.

ते गृहस्थ? त्यांनी चारही हप्ते स्वतः भरले, वरचा दंडही, आणि त्याच दिवशी माझ्यासमोर पत्ता बदलायचा फॉर्म भरला. प्रश्न असतील तर चहा घेताना विचारा, इथे लाइट बंद करतायत वाटतं.