उत्तर झाकून सोडवताना

(ठाण्यात नौपाड्यातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, थोडे संपादित करून)

सॉल्व्ड एक्झाम्पल वाचताना प्रत्येक ओळ पटते. पटणं आणि सुचणं यातला फरक मात्र वाचताना कळत नाही. म्हणून रफ वहीचं पान घ्या, प्रश्नाखालचं सगळं झाका, आणि पुढची ओळ आधी स्वतः लिहा. मगच कागद एक ओळ खाली सरकवा.

एक उदाहरण करू. टेबलावर 4 किलोचा ठोकळा, घर्षणांक 0.2. त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून जाते आणि तिला 2 किलोचा ठोकळा लटकतो. दोरी आणि कप्पी वजनहीन, g = 10. त्वरण आणि दोरीतला ताण काढायचाय.

पहिली ओळ झाकलेलीच आहे. आकृती काढा, प्रत्येक ठोकळ्यावरची बलं दाखवा. माझ्याकडच्या एका मुलाने इथे लगेच लिहिलं, T = 20 N. "लटकलंय ना सर, मग ताण म्हणजे त्याचं वजन." कागद सरकवला, तर पुस्तकात 20 - T = 2a. तो "अच्छा" म्हणून पुढे निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. तुझं पाऊल कुठे चुकलं ते समासात लिही, म्हटलं. पाच मिनिटांनी त्याने लिहिलं, "ताण 20 असता तर खालच्या ठोकळ्यावर निव्वळ बल शून्य, मग तो वेग घेणारच नाही." हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. उत्तर उघडं ठेवून वाचलं असतं, तर ही चूक परीक्षेपर्यंत लपून राहिली असती.

पुढे टेबलावरच्या ठोकळ्यासाठी T - 8 = 4a, कारण घर्षण 0.2 × 40 = 8 N. बेरीज केली की 12 = 6a, म्हणजे a = 2 m/s² आणि T = 16 N. इथली बेरीज-वजाबाकी झाकत बसू नका, तिथे शिकण्यासारखं फार नाही. झाकायचं ते निर्णयाचं पाऊल: कुठल्या ठोकळ्याचा विचार, कुठली बलं, कुठली दिशा धन.

एक मर्यादा आहे. धडा अगदी नवा असेल, तर पहिली एक-दोन उदाहरणं उघडीच वाचा. काहीच सुचत नसताना झाकण्याने नुसता अंदाज लावला जातो. दोन-तीन मिनिटांत काही लिहिता आलं नाही तर फक्त एक ओळ उघडा, अख्खं उत्तर नाही.

आणि उदाहरण संपलं की एक आकडा बदला. घर्षणांक 0.6 करा, स्थितिक आणि गतिक दोन्ही तेवढेच धरा. त्याच सूत्राने 20 - 24 = 6a येतं, त्वरण ऋण. ठोकळा दोरीला मागे ओढत जाईल का? घर्षण असं ढकलत नाही, ते 24 पर्यंत जाऊ शकतं, पण इथे लागतं तेवढंच, 20. ठोकळा हलतच नाही आणि ताण 20 N. त्या मुलाचं पहिलं उत्तर इथे बरोबर आहे. का, ते त्यानेच आम्हाला फळ्यावर समजावून सांगितलं.