ब्लू टिक आली, रिप्लाय नाही आला

नमस्कार मंडळी. आज मी एकाच गोष्टीवर बोलणारे. मेसेज वाचला गेला, टिक निळी झाली आणि उत्तर आलं नाही, तर त्या मधल्या वेळात आपल्या डोक्यात नेमकं काय होतं, आणि त्यातून सख्ख्या माणसांत अबोला कसा धरला जातो.

समजा एक बहीण आहे आणि तिचा धाकटा भाऊ. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवायचीय. रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी ताई व्हॉट्सॲपवर लिहिते, "आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करू म्हणतायत, तुला यायला जमेल का आणि खर्चाचं कसं करायचं ते सांग". ९.१४ ला टिक निळी. ताई वाट बघते. दहा वाजतात, काही नाही. झोपायच्या आधी ती परत त्याचा चॅट उघडते, तर वर लास्ट सीन ११.४०. म्हणजे हा पठ्ठ्या पावणेबारापर्यंत जागा होता, फोन हातात होता, आणि आईबद्दल दोन शब्द लिहायला वेळ नाही. सकाळी ती लिहिते, "राहू दे, मी बघते माझं". दुपारी भावाचा फोन येतो तेव्हा ती उचलत नाही.

आता भावाकडून बघा. ९.१४ ला तो मुलाला झोपवत होता, एका हाताने चॅट उघडला, वाचला. त्याला लगेच कळलं की हे "हो" किंवा "ओके" लिहून उरकायचं काम नाही, रजा मिळते का बघायला हवं, पैसे किती काढता येतील ते बायकोशी बोलायला हवं, आणि मग ताईला नीट फोनच करावा. ११.४० ला ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी सकाळच्या कामाचं विचारलं म्हणून ॲप उघडलं, उत्तर दिलं, झोपला. सकाळी रजेचं विचारलं, दुपारी फोन लावला. तो त्या मेसेजमागेच धावत होता, पण हे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही ना!

स्क्रीनवर काय दिसतं ते नीट समजून घेऊ, कारण रोज वापरूनही आपण हे गृहीत धरून चालतो. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला. दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर किंवा त्याने जोडलेल्या कॉम्प्युटरवर पोचला. निळ्या म्हणजे तो चॅट उघडला गेला, बस एवढंच. उघडणाऱ्याने पूर्ण वाचला का, समजला का, की हात लागून उघडला आणि तो दुसऱ्या कामात गेला, हे टिकेला माहीत नसतं. कॉम्प्युटरवर तुमचाच चॅट उघडा ठेवून माणूस बाजूला गेला तरी मेसेज वाचल्याची नोंद होऊ शकते. उलट नोटिफिकेशनमध्ये अख्खा मेसेज वाचून काढला तरी टिक करडीच राहते. आणि लास्ट सीन म्हणजे त्या माणसाने ॲप शेवटचं कधी वापरलं ती वेळ, कोणासाठी उघडलं ते त्यात नसतं. ऑनलाइनचंही तेच, ॲप समोर उघडं आहे आणि नेट चालू आहे इतकाच अर्थ.

म्हणजे ही सगळी बातमी फोनची आहे आणि आपण ती माणसाच्या मनाची म्हणून वाचतो. रजिस्टर पत्राची पोचपावती सहीनिशी परत आली तर पत्र घरात गेलं एवढंच कळायचं, पण निदान त्यावर आत्ता तो माणूस जागा आहे की नाही हे लिहिलेलं नसायचं.

आता माझ्या मते खरी मेख इथे आहे. टिक नव्हती तेव्हा शांततेला भरपूर निरुपद्रवी कारणं होती, मिळालं नसेल, बघितलं नसेल, फोन बंद असेल. आपण स्वतःच समोरच्याला माफ करून टाकायचो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर निळी टिक आली आणि ही सोयीची कारणं एका झटक्यात गेली, वर मेसेज इन्फोमध्ये कितीला वाचला ती वेळसुद्धा मिळते. मग मागे काय उरतं? वाचून गप्प बसला. आणि गप्प का बसला याची हजार कारणं असली तरी आपल्याला पहिलं सुचतं ते स्वभावाचं, "याला पर्वाच नाही". स्वतः उशीर केला की आपण परिस्थिती सांगतो आणि दुसऱ्याने केला की त्याचा स्वभाव काढतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या खोडीला फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर असं नाव दिलं, म्हणजे दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीचा वाटा कमी धरायचा आणि स्वभावाचा जास्त.

दुसरं कारण बोलण्याच्या सवयीतलं आहे. समोरासमोर कोणी हो-नाहीचा प्रश्न विचारला की उत्तर फार पटकन येतं. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी निघाली. त्यातच हेही दिसलं की होकार लवकर येतो आणि नकाराला जास्त वेळ लागतो. म्हणजे थोडी शांतता पसरली की "आता नाही म्हणणार" हे आपला कान आयुष्यभर शिकलेला असतो. तोच कान घेऊन आपण चॅटमध्ये बसतो, आणि निळी टिक आपल्याला भासवते की समोरचा माणूस समोरच बसलाय, त्याने प्रश्न ऐकलाय. मग दोन तास गेले की ते दोन तास नकारासारखे वाजतात.

पण चॅटमध्ये बरेचदा उलटं असतं. "पोचलास का" याला लगेच उत्तर येतं, कारण त्याला विचार लागत नाही. जड मेसेज, म्हणजे पैशाचा, आजारपणाचा, भांडणानंतरचा, माणूस वाचतो आणि "नीट लिहू" म्हणून ठेवून देतो. म्हणजे जिथे उशीर व्हायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच वाट बघणारा सगळ्यात हळवा असतो. ताईने "भाजी आणू का" विचारलं असतं आणि उत्तर नसतं आलं तर तिला काहीच वाटलं नसतं.

मग लोक काय करतात, तर टिकेलाच घाबरतात. वाचलं तर उत्तर द्यावं लागेल म्हणून चॅट उघडतच नाहीत, नोटिफिकेशनवरून वाचतात. आता पाठवणाऱ्याला दिसतं की हा ऑनलाइन आहे आणि माझाच मेसेज उघडत नाही, ते तर अजून लागतं. काही जण सेटिंगमध्ये रीड रिसीट बंद करतात, ते चालतं, पण मग त्यांनाही दुसऱ्यांच्या टिका निळ्या दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये ही सोय लागूच होत नाही. लास्ट सीन लपवला की आपल्यालाही इतरांचा दिसत नाही. आणि घरातल्या एकाने अचानक लपवला की बाकीचे विचारतात, "कोणापासून लपवतोयस?" त्यामुळे बंद करायचंच असेल तर आधी घरच्यांना सांगून करा, माझं एवढं म्हणणं आहे.

आणि भावाला काय करता आलं असतं? ९.१४ लाच, मुलाला थोपटता थोपटता, "वाचलं ताई, रजेचं बघून उद्या दुपारी फोन करतो". ताईला तारखेचं आणि पैशाचं उत्तर त्या रात्री नकोच होतं, तिला हवं होतं की भाऊ यात आहे. आणि ताईच्या बाजूने, असा मेसेज पाठवतानाच "उद्या संध्याकाळपर्यंत सांग, डॉक्टरांना कळवायचंय" असं लिहिलं असतं तर तिची वाट बघायची मुदत उद्या संध्याकाळी संपली असती, ११.४० चा लास्ट सीन बघायची वेळच आली नसती.