एकच ऑर्डर, तीन वेगळे आकडे

स्क्रीनवर तीन फाईली आहेत. दोन मार्केटप्लेसच्या, एक आपल्याच वेबसाईटची. तिन्ही एकाखाली एक पेस्ट केल्या की सेल्स शीट तयार, असं वाटतं खरं, पण गाडं नेमकं तिथेच अडतं.

ही एक ऑर्डर घ्या. दोन वस्तू, एक ६०० ची आणि एक ४०० ची, म्हणजे एकूण १०००. मार्केटप्लेसनं १५ टक्के कमिशन कापलं, १५०. शिपिंगचे ६० कापले. राहिले ७९०. महिना संपला, आणि पुढच्या महिन्यात गिऱ्हाईकानं ४०० वाली वस्तू परत पाठवली. आता ४०० रिफंड गेले, त्यावरचं ६० कमिशन परत मिळालं, पण त्यातून १२ रिफंड हाताळल्याचे म्हणून ठेवून घेतले आणि परतीच्या शिपिंगचे वर ६० लावले. म्हणजे ७९० मधून ४१२ गेले, हातात ३७८.

शीटमध्ये या ऑर्डरची एकच ओळ असेल आणि तिच्यापुढे 'डिलिव्हर्ड' लिहिलेलं असेल तर ती ७९० दाखवणार, कोणी तेच बदलून 'रिटर्न' केलं तर शून्य दाखवणार, आणि दोन्ही चूक. शिवाय स्टेटस बदललं की मागच्या महिन्याचा बंद केलेला आकडाही गुपचूप हलतो, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून दोन पानं करायची. एका पानावर ऑर्डर, आणि तीही वस्तूनुसार, म्हणजे वरच्या ऑर्डरच्या दोन ओळी. दुसऱ्या पानावर फक्त पैशांची हालचाल: विक्री, कमिशन, शिपिंग, रिफंड, प्रत्येकाची आपली तारीख आणि आपली ओळ, आलेले अधिक, गेलेले उणे. इथे जुनी ओळ कधीच खोडायची नाही, नवी ओळ खाली टाकायची. मग ऑर्डरच्या ओळीचा निव्वळ आकडा हाताने लिहायचाच नाही, दोन्ही पानांवर किल्ली एकच ठेवायची आणि पैसे तिच्यावरून गोळा करायचे. पैशांच्या पानाचं नाव Money, दोन्ही पानांवर किल्ली A कॉलममध्ये आणि रक्कम Money च्या E मध्ये धरली, तर:

```
=SUMIFS(Money!E:E, Money!A:A, A2)
```

ही किल्ली म्हणजे चॅनेलचं नाव, ऑर्डर नंबर आणि वस्तूचा कोड जोडून केलेला मजकूर. चॅनेल हवंच, कारण दोन ठिकाणी १०४५ नंबरची ऑर्डर असू शकते. आणि फाईल इंपोर्ट करताना नंबरचा कॉलम टेक्स्ट करून घ्या, कारण एक्सेल १५ च्या पुढचे अंक शून्य करून टाकतं, १७ अंकी नंबरचे शेवटचे दोन गेलेच, आणि ते परत आणता येत नाहीत, फाईल नव्यानेच उघडावी लागते.

आता स्टेटस. आपली वेबसाईट वूकॉमर्सवर असेल तर तिथलं `Processing` म्हणजे, कॅश ऑन डिलिव्हरी सोडली तर, पैसे आलेत, माल जायचाय. मार्केटप्लेसवरचं `Pending` बहुतेक वेळा म्हणजे पैसेच अजून पक्के नाहीत. दोन्हीला 'पेंडिंग' म्हणून एका टोपलीत टाकलं की विक्री फुगते. म्हणून मूळ स्टेटस आहे तसं ठेवायचं आणि शेजारी आपले दोन कॉलम करायचे, माल कुठे आहे आणि पैसे कुठे आहेत, आणि ते एका छोट्या तक्त्यावरून, अचूक जुळणीच्या `VLOOKUP` नं भरायचे. तक्त्यात नसलेलं नवं स्टेटस आलं की `#N/A` येतं. ते येऊ द्या! `IFERROR` लावून झाकणारे बरेच भेटतात, आणि मग नवं स्टेटस आल्याचं कळतच नाही.

वेबसाईटवाल्या फाईलमध्ये फी दिसतच नाही, म्हणून ती फुकटातली विक्री वाटते. फी असते पेमेंट गेटवेच्या पेआउट रिपोर्टमध्ये, आणि तिथे ऑर्डर नंबर ऐवजी पेमेंट आयडी असतो. तो आयडी ऑर्डरच्या फाईलमध्येही ओढून घ्यावा लागतो, नाहीतर दोन फाईलींची भेटच होत नाही. बरेच गेटवे रिफंड झाला तरी आपली फी परत करत नाहीत, तेव्हा तिची उलटी ओळ आपल्या मनानं टाकू नका.

ताळा मात्र बँकेशी करायचा. एका सेटलमेंटच्या सगळ्या ओळींची बेरीज खात्यात आलेल्या रकमेएवढीच यायला हवी. फरक आला तर आधी ऑर्डर नंबर नसलेल्या ओळी बघा: जाहिरातीचा खर्च, गोदामाचं भाडं, रोखून ठेवलेली रक्कम. जाहिरात आणि भाडं खर्चात जातं, पण रोखलेली रक्कम हा खर्च नव्हे, ती पुढच्या सेटलमेंटमध्ये परत येते, म्हणून तिला वेगळं नाव द्या. महिन्याच्या शेवटच्या रात्रीची ऑर्डर हरवली तर तारखा बघा, एक रिपोर्ट यूटीसीत आणि दुसरा स्थानिक वेळेत असू शकतो.

उरतात त्या ऑर्डर्स ज्यांच्यापुढे 'डिलिव्हर्ड' आहे, सेटलमेंटची मुदतही उलटून गेलीय, आणि पैशांच्या पानावर एकही ओळ नाही. या फिल्टर करून वेगळ्या काढा आणि क्लेमची मुदत संपायच्या आत त्या त्या मार्केटप्लेसकडे तिकीट टाका.