नडगी मोडली, प्लास्टर झालं, तरी दुखणं वाढतच गेलं तर...

एका पेशंटची गोष्ट सांगतो. चोवीस वर्षांचा मुलगा, संध्याकाळी बाइक घसरली, नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. रात्री अकराला तो कळवळायला लागला, इंजेक्शन दिलं, तासाभराने दुसरं दिलं, तरी फरक नाही. घरचे म्हणाले अहो हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच ना. पण हाड नीट बसवून आधार दिला की दुखणं हळूहळू उतरायला हवं, इथे ते चढत होतं, तेही दोन इंजेक्शनं देऊन.

याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, आत काय होतं बघा. पोटरीचे आणि नडगीचे स्नायू चार कप्प्यांत बसलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवती पांढरं चिवट आवरण असतं जे ताणलं जात नाही. मार लागल्यावर आत रक्त साचतं, सूज येते, जागा मात्र तेवढीच, मग दाब वाढतो आणि आधी बारीक रक्तवाहिन्या दबतात. मोठ्या धमनीत रक्त चालूच असतं, म्हणून पावलाची नाडी लागते, बोटं गुलाबी आणि गरम असतात, आणि इथेच फसायला होतं. नाडी लागतेय म्हणजे सगळं ठीक, असं अजिबात धरू नका. नाडी जाईपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मी त्याच्या पायाचा अंगठा हळूच खाली वाकवला आणि तो किंचाळला, दुखलं कुठे तर नडगीच्या पुढच्या बाजूला, कारण अंगठा वर ओढणारा स्नायू त्याच कप्प्यात असतो आणि तो ताणला गेला. अंगठा आणि शेजारच्या बोटामधली त्वचा बधिर व्हायला लागली होती, तिथली नस त्याच कप्प्यातून जाते. प्लास्टर आणि आतला कापूस कातडीपर्यंत कापला, तरी आराम नाही. सुई घालून दाब मोजला तर ४८, बीपीचा खालचा आकडा ७०, म्हणजे फरक फक्त २२. हा फरक ३० च्या खाली गेला की स्नायूला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि साधारण सहा तासांत स्नायू कायमचा मरायला लागतो.

लगेच ऑपरेशनला घेतलं, पायाच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन चारही कप्पे उघडले. स्नायू फुगून बाहेर आला, काळपट होता तो हळूहळू लाल झाला, चिमटा लावला की आकसत होता, म्हणजे जिवंत होता. जखम उघडीच ठेवली, चार दिवसांनी सूज उतरल्यावर कातडी लावली. नातेवाईक उघडी जखम बघून घाबरतात, पण ती त्याच वेळी शिवली तर दाब परत वाढेल.

आणि हो, सूज आली की आपण पायाखाली उशा रचतो, पण कप्प्यातला दाब वाढल्याची शंका असेल तेव्हा तसं करू नका, पाय हृदयाच्या पातळीलाच ठेवा. उंच केला की आधीच कमी पोचणारं रक्त अजून कमी होतं. गावाकडे हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या असतील तर त्या आधी सोडा आणि तसंच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.