वजावट कोठे करावी : मोजमापपत्रक आणि अंतिम देयक

सोलापुरातील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीतून आलेल्या आपणा सर्वांना उद्देशून बोलताना दुरुस्तीचे देयक म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मला बोलायचे आहे ते केवळ ‘वजावट’ या एका शब्दाविषयी. मोजमापपत्रकात होणारी वजावट आणि देयकाच्या तळाशी होणारी वजावट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने कामाचे परिमाण ठरते, दुसरीने हातात पडणारी रक्कम. चाळीस वर्षे मोजमापे लिहिली. या दोहोंची सरमिसळ झाली की भांडण ठरलेले, हे मी वारंवार पाहिले आहे.

येथील एका संस्थेच्या सभागृहाची भिंत घ्या. लांबी ६.४० मीटर, उंची ३.१० मीटर, आणि दोन्ही बाजूंनी एकाच प्रकारचा नवा गिलावा. म्हणजे एकूण ३९.६८ चौरस मीटर. भिंतीत १.०० बाय २.१० मीटरचे एक दार, १.२० बाय १.२० मीटरच्या दोन खिडक्या आणि ०.६० बाय ०.४५ मीटरचा एक झरोका होता. ठेकेदाराने काहीही वजा न करता पूर्ण ३९.६८ लिहिले. खजिनदारांनी सारी भोके दोन्ही बाजूंनी वजा करून २९.१८ काढले. दर चौरस मीटरला ४५० रुपये, त्यामुळे एकाचे १७,८५६ रुपये आणि दुसऱ्याचे १३,१३१ रुपये झाले. दोघेही प्रामाणिक होते, आणि दोघांचेही मोजमाप चुकलेले होते.

भारतीय मानक १२०० च्या बाराव्या भागात याचा नियम आहे. ०.५ चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा करायचे नाही. त्याहून मोठे परंतु ३ चौरस मीटरपर्यंतचे भोक, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूचे वजा करायचे. ३ चौरस मीटरहून मोठे असेल तर दोन्ही बाजूंचे वजा करून बगला, म्हणजे भोकाच्या आतल्या कडांना दिसणारी भिंतीची जाडी, वेगळ्या मोजायच्या. म्हणून झरोका तसाच राहिला, दाराचे २.१० आणि खिडक्यांचे २.८८ एकदाच वजा झाले, आणि उत्तर आले ३४.७० चौरस मीटर, म्हणजे १५,६१५ रुपये.

एकच बाजू का, असे खजिनदारांनी विचारले, आणि तो प्रश्न अगदी योग्य होता. चौकटीच्या दोन्ही अंगांना भिंतीची जी जाडी उरते, तिचा गिलावा आणि तिची धार धरण्याची मजुरी वेगळी मोजली जात नाही. न वजा केलेली बाजू हा त्याचाच मोबदला असतो. येथे भिंत २३ सेंटीमीटरची आणि चौकट १० सेंटीमीटरची, त्यामुळे ४.८० मीटर घेराच्या खिडकीच्या बगला जेमतेम ०.६२ चौरस मीटर भरतात. मोबदला मात्र १.४४ चा मिळतो. पण आपल्या जुन्या पेठांतील ६० सेंटीमीटर जाडीची दगडी भिंत असती, तर त्याच बगला २.४० चौरस मीटर भरल्या असत्या आणि ठेकेदाराचे नुकसान झाले असते. जाड भिंतीच्या कामात बगला वेगळ्या मोजायच्या की नाही, हे करारातच लिहून घ्यावे. काम संपल्यावर ते मागता येत नाही.

म्हणूनच माझा आग्रह असतो की पत्रकात थेट ‘३४.७०’ असे निव्वळ परिमाण लिहू नये. आधी पूर्ण भिंतीची ओळ, मग प्रत्येक दार-खिडकीची ‘वजा’ म्हणून स्वतंत्र ओळ, आणि वगळलेल्या झरोक्याचा शेऱ्यात उल्लेख असावा. तसे असले की पाच वर्षांनीही कोणी टेप धरून पडताळू शकेल.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, म्हणून देयकाची बाजू थोडक्यात सांगतो. गच्चीच्या दुरुस्तीसह त्या कामाचे एकूण मूल्य ६४,००० रुपये झाले. यापूर्वी ४०,००० रुपयांचे चालू देयक झाले होते आणि त्यावरचा एक टक्का टीडीएस त्याच वेळी कापला होता. म्हणून आता तो उरलेल्या २४,००० वरच, म्हणजे २४० रुपये. संस्थेने दिलेल्या दहा पोती सिमेंटचे ३८० रुपयांप्रमाणे ३,८०० रुपये, आणि एकूण मूल्यावर पाच टक्के अनामत ३,२०० रुपये. हातात पडणारी रक्कम १६,७६० रुपये.

यांतील एकही आकडा मोजमापपत्रकात शिरता कामा नये. दुसऱ्या एका संस्थेत अनामत ‘सोयीसाठी’ गिलाव्याचे परिमाणच पाच टक्के घटवून धरली गेली. वर्षभराने ठेकेदार अनामत मागायला आला, तेव्हा दप्तरात अनामत अशी नोंदच नव्हती. होती ती फक्त खऱ्या भिंतीपेक्षा लहान असलेली एक भिंत.